सडक्या अंड्याचा वास, घाटात ओढ नाही, आणि सगळे म्हणतात "कॅट बदला"

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडीबद्दल विचारायचं आहे. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती.

गाडी 2014 ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, चार सिलिंडर, 96,000 किमी झालेली. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जाते, रविवारी परत येते. गेल्या दोन महिन्यांपासून खंबाटकी चढताना मागून सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एकदा भर पहाटे रस्ता मोकळा असतानाही आला, तेव्हा कळलं की आपल्याच गाडीचा आहे.

दुसरी गोष्ट पिकअपची. पूर्वी घाट तिसऱ्यात आरामात निघायचा. आता दुसरा टाकावा लागतो आणि तीन हजार आरपीएमच्या पुढे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी नुसता आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं. ॲव्हरेज 17 चं 11-12 वर आलंय. सपाटीला साठच्या वेगाने चालवली तर वास नाही.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून साफ केले होते. आता म्हणतात कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोक झालाय, तो बदला. कंपनीचा 41,000 सांगितलाय. एवढे पैसे घालायला हरकत नाही, पण घातल्यावर दोष जाईल ना, एवढंच विचारायचंय. चेक इंजिनचा दिवा मध्ये लागला होता, तो त्यांनी "घालवून" दिला.

हायवेवाला
ताई, 41 हजार कशाला घालवता? कॅट उतरवायचा, आतली जाळी फोडून काढायची, मोकळं डबडं परत जोडायचं. माझ्या जुन्या गाडीचं असंच केलं होतं, पाचशे रुपयांत काम झालं. गाडी सुसाट. वासही येणार नाही, कारण तो वास कॅटच तयार करतो.

पेट्रोलपुराण
हे सगळं ई-20 पेट्रोलमुळे होतंय. 2014 ची गाडी ई-20 साठी बनलेलीच नाही. इथेनॉल घातल्यापासून मिक्श्चर बिघडतं, रिच होतं म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, कॅट जळतो. आमच्या सोसायटीत तीन गाड्यांचं ॲव्हरेज पडलंय.

फोरमनकाका
कृष्णाकाठ ताई, तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत म्हणून सांगतो, घाईने कॅट घेऊ नका. तुमचा कॅट तुंबला असण्याची शक्यता चांगलीच आहे, ते लोक तिथे चुकलेले नसतील. पण कॅट आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मारणारा शोधला नाही तर नवा कॅटही वर्षभरात जाईल आणि तुम्ही परत इथेच लिहाल.

दोन गोष्टी सांगा. एक, गाडी गरम असताना बंद केली, चहाला थांबलात आणि अर्ध्या तासाने परत स्टार्ट केली, तर लगेच होते का? दोन, ऑइलची पट्टी काढून वास घ्या आणि पातळी बघा.

पेट्रोलपुराण, तुमचं अर्धं बरोबर आहे. इथेनॉलमुळे ॲव्हरेज काही प्रमाणात पडतं, ते खरं. पण मिक्श्चर रिच होत नाही, उलट होतं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कॉम्प्युटर जुन्याच हिशोबाने देत राहिला तर मिक्श्चर लीन पडेल. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला ते कळतं आणि तो पेट्रोल वाढवून घेतो. ताईंच्या गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय की कमी करतोय, हे बघितलं की तुमचा मुद्दा आपोआप निकाली निघेल.

रसायनवाली
हायवेवाला यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल थोडं लिहिते, कारण ते खरं असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

वास हायड्रोजन सल्फाइडचा. गंधक पेट्रोलमध्ये असतोच. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 पेट्रोल आलं आणि त्याची मर्यादा दहा लाखात 10 भागांवर आली, त्याआधी बीएस-4 ला ती 50 होती. इंजिनमध्ये गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. कॅटच्या जाळीवर सेरियमच्या ऑक्साइडचा थर असतो, तो ऑक्सिजन साठवून ठेवतो. धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तेव्हा हा थर गंधकही धरून ठेवतो. म्हणून तुम्ही सपाटीला शांतपणे चालवता तेव्हा वास येत नाही, गंधक साठत असतो. मग घाट लागतो, पेट्रोल जास्त पडतं, ऑक्सिजन संपतो, कॅट तापतो, आणि साठलेला गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन एकदम बाहेर पडतो.

नाकाला हा वायू अब्जात काही भाग असला तरी कळतो, म्हणून इतक्या कमी गंधकाच्या पेट्रोललाही वास मारतो. तेव्हा वासाचा अर्थ एवढाच घ्या की धुरात ऑक्सिजन कमी आणि न जळलेलं पेट्रोल जास्त आहे. कॅट फोडलात तर वास जाईल, पण वास ज्याची खबर देत होता ते जागेवरच राहील. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, तो मात्र तसाच बाहेर येत राहील.

एक सूचना. असा वास गाडीच्या आत, काचा बंद असताना येत असेल तर गाडी थांबवून बाहेर पडा.

सातवी_खाडी
अगदी हाच वास माझ्या गाडीला यायचा! डोंबिवलीहून ठाण्याला जाताना एसीच्या जाळीतून. मीही कॅटच्याच मागे लागलो होतो. शेवटी निघाली बॅटरी. अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला होता, 16 व्होल्टच्या वर चार्जिंग होत होतं, बॅटरी उकळत होती. बॉनेट उघडल्यावर बॅटरी हाताला चटका देत होती, एक बाजू फुगलेली. तुम्ही आधी बॅटरी बघा, कॅटबिट काही नसेल.

फोरमनकाका
सातवी_खाडी, तुमची नोंद उपयोगी आहे. बॅटरी उकळली की हाच वायू निघतो, आणि फुगलेल्या बॅटरीजवळ ठिणगी गेली तर ती फुटते. पण बॅटरीने घाटात पिकअप पडत नाही आणि ॲव्हरेज पाचाने कमी होत नाही. तरी ताई, इंजिन चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या, 14 च्या आसपास असेल तर हा विषय संपला.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. व्होल्टेज 14.1 आलं. बॅटरी थंड आहे.

काका, तुम्ही विचारलंत आणि मला एकदम आठवलं. शिरवळला चहाला थांबते, वीस-पंचवीस मिनिटं. त्यानंतर सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग घरघर करत सुरू होते आणि मागून काळा फुगारा येतो. सकाळी थंड असताना मात्र लगेच सुरू होते. याचा वासाशी संबंध असेल असं कधी वाटलंच नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

ऑइलची पट्टी आत्ता बघून आले. वरच्या खुणेच्या जवळजवळ बोटभर वर ऑइल आहे! सर्व्हिसिंगला चार महिने झाले, मी घातलेलं नाही. वास पेट्रोलचा येतोय, स्पष्ट. हे चांगलं की वाईट?

फोरमनकाका
वाईट, पण उत्तर बरंचसं मिळालं. ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. ते ऑइल पातळ झालंय, बेअरिंगला धोका आहे. ते बदलेपर्यंत लांब जाऊ नका.

गरम गाडी अर्ध्या तासाने सुरू होत नाही, काळा फुगारा, ऑइल वाढलेलं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की मला पहिला संशय गळक्या इंजेक्टरचा येतो. गाडी बंद केल्यावर लाइनमध्ये दाब राहतो. एखादा इंजेक्टर नीट बंद होत नसेल तर त्यातून थेंब थेंब पेट्रोल सिलिंडरमध्ये पडत राहतं. गरम इंजिनमध्ये त्याची वाफ भरते, म्हणून सुरू व्हायला त्रास होतो. रात्रभरात ती वाफ उडून जाते, म्हणून सकाळी ठीक.

आता मोजमाप हवं. कुणाकडे स्कॅनर आहे का? साधं ब्लूटूथवालं ELM327 आणि फोनवरचं ॲप चालेल. गॅरेजने कोड पुसलाय म्हणून नाराज होऊ नका, चालू आकडे त्यापेक्षा जास्त बोलतात.

अनिकेत_ओ
ताई, मी पुण्यातच आहे आणि माझ्याकडे ते उपकरण आहे. व्यक्तिगत निरोप केलाय, शनिवारी सकाळी भेटू. काका, नेमके कोणते आकडे घ्यायचे ते सांगा.

फोरमनकाका
अनिकेत, चार गोष्टी.

चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, MAP चा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, आकडा लिहा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला MAP, कूलंटचं तापमान आणि STFT, LTFT हे ट्रिमचे आकडे घ्या, कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते त्यात दिसतं. मग 2500 वर रेस धरून ठेवा, किमान अर्धा मिनिट, आणि MAP कसा सरकतो ते बघत राहा. शेवटी ट्रिमचे आकडे 2500 वरही घ्या. पुसलेला कोड परत आला असेल तर तोही.

अनिकेत_ओ
आज सकाळी कोथरूडला घेतलेले आकडे. जसे दिसले तसे देतो.

```
KEY ON, ENGINE OFF
MAP   94 kPa

IDLE, ECT 89 C
MAP   41 kPa
STFT  -3.1 %
LTFT  -21.1 %

2500 RPM (held 40 s)
MAP   34 -> 52 kPa
STFT  -2.3 %
LTFT  -10.2 %

PENDING: P0172
```

रेस धरून ठेवल्यावर जे झालं ते बघायला विचित्र होतं. सुरुवातीला 34 आला, मग प्रत्येक दोन-तीन सेकंदांना एक-एक करत वर चढत गेला. मी सुरुवातीला पॅडल जागचं हलवलं नव्हतं, पण आरपीएम टिकेना, म्हणून मग थोडं थोडं जास्त दाबावं लागलं. इंजिनला दम लागल्यासारखा आवाज येत होता.

फोरमनकाका
शाबास, काम स्वच्छ केलंत. आता एकेक बघू.

इंजिन बंद असताना 94. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब तेवढाच असतो. म्हणजे MAP सेन्सर खोटं बोलत नाही. कूलंट 89, म्हणजे "इंजिन थंड आहे" असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत असेल, ही शंकाही गेली.

आयडलला 41 जास्त आहे, अशा निरोगी इंजिनला 30 ते 35 अपेक्षित. आणि 2500 वर तो 34 चा 52 झाला, हा तुंबलेल्या वाटेचा ठसा आहे. धूर पुढे सरकत नाही, मागे साचत जातो. रेस मारून लगेच सोडली असती तर हे दिसलंच नसतं, साचायला वेळ लागतो. गॅरेजवाले कॅटबद्दल बरोबर होते.

आता ट्रिम. दोन्ही आकडे वजा. म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कमी करतोय, आयडलला दोन्ही मिळून जवळजवळ चोवीस टक्के, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या तोंडाशी. P0172 हा कोडही मिक्श्चर रिच असल्याचंच सांगतो. पेट्रोलपुराण, ई-20 चा दोष असता तर इथे अधिकचे आकडे असते, आणि तेही चार-आठ टक्क्यांचे.

आयडलला 24 आणि 2500 वर साडेबारा. पंपाचा दाब जास्त असता तर दोन्हीकडे वजाबाकी साधारण सारखीच दिसली असती. गळती ठरावीक असते. आयडलला इंजिन पितंच थोडं, त्यात गळतीचा वाटा मोठा दिसतो, रेस वाढली की तोच वाटा लहान होतो.

तरी साडेबारा मला नुसत्या एका इंजेक्टरसाठी जास्त वाटतात. त्यात दोन भर पडल्या आहेत. एक, ऑइलमधलं पेट्रोल. गरम ऑइलमधून त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनमध्ये ओढली जाते. दुसरी कॅटचीच. या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. वाट तुंबली की जळलेला धूर सिलिंडरमध्येच उरतो, ताजी हवा कमी शिरते आणि मॅनिफोल्डमधला दाब वाढतो. कॉम्प्युटरला वाटतं हवा भरपूर आली, तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे रिच मिक्श्चरने कॅट मारला, आणि मेलेला कॅट मिक्श्चर आणखी रिच करतोय. घाटात पूर्ण पॅडल दाबल्यावर तर कॉम्प्युटर सेन्सरकडे बघून दुरुस्ती करायचं थांबवतो आणि आपणहून पेट्रोल वाढवतो. तुमचा वास तिथला.

रसायनवाली
काका, एक शंका. कॉम्प्युटर वजा चोवीस करून हिशोब बरोबर करतोय, तर सपाटीला कॅटला त्रास का व्हावा? सरासरी मिक्श्चर ठीकच असणार ना?

फोरमनकाका
प्रश्न नेमका आहे. पुढचा सेन्सर चारही सिलिंडरचा मिसळलेला धूर बघतो. एक सिलिंडर गळतोय, पण पेट्रोल चौघांचंही कापलं जातं. परिणाम असा की एक रिच आणि तीन लीन, सरासरी बरोबर. मग कॅटकडे काय जातं? एकाकडून न जळलेलं पेट्रोल, तिघांकडून उरलेला ऑक्सिजन. दोन्ही आत जाळीवर भेटतात आणि तिथे जळतात. नुसत्या रिच धुराने काजळी धरते, पण पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही पोचले तर कॅट भट्टीसारखा तापतो. जाळी चिनी मातीसारख्या पदार्थाची असते, ती अशीच वितळते.

हायवेवाला
मग एवढं सगळं करण्यापेक्षा फोडलेला काय वाईट? वाटही मोकळी, मॅनिफोल्डचा दाबही ठीक.

फोरमनकाका
दाब ठीक होईल हे बरोबर. पण कॅटच्या मागचा सेन्सर कॅट काम करतोय का ते बघत असतो, तो P0420 हा कोड देईल आणि दिवा लागेल. पीयूसीत या गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत हवा, ते कॅटशिवाय होणं कठीण. आणि मागे चालणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नाकात काय जातं, ते वर रसायनवाली यांनी लिहिलंय. मी हे काम कधी केलं नाही आणि कुणाला सांगणारही नाही.

कृष्णाकाठ ताई, क्रम असा ठेवा. आधी इंजेक्टर, मग ऑइल, मग परत आकडे, आणि सगळ्यात शेवटी कॅट. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा, म्हणजे तुंबल्याचा थेट पुरावा मिळेल. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि 2500 वर तीनच्या आत हवं.

कृष्णाकाठ
आठ दिवसांनी लिहितेय, माफी असावी. आईच्या ओळखीचे साताऱ्याचे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी हळूहळू नेली, घाटात सगळ्यात डावीकडून. काकांचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, बरोबर सांगितलंय, करू."

आधी गेज लावला. आयडलला 1.8, आणि 2500 वर काटा 8 पर्यंत गेला. मग प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. पहिला, दुसरा आणि चौथा फिकट, जवळजवळ पांढुरके. तिसरा काळाकुट्ट, मखमलीसारखा, बोट लावलं तर बोट काळं.

मग इंजेक्टरची पट्टी चारही इंजेक्टरसकट वर उचलली, तारेने बांधून घट्ट धरली. इग्निशनचे कॉइल काढून बाजूला ठेवले, आगीचा सिलिंडर जवळ आणला आणि मला चार हात लांब उभं केलं. प्रत्येकाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा. चावी फिरवली, पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. कुणीच काही बोलत नव्हतं. पहिल्या मिनिटात काही नाही. मग तिसऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी ओल चमकली, तिचा मणी झाला, मणी फुगत गेला आणि कागदावर पडला. मग दुसरा. दहा मिनिटांत कागद भिजला. बाकी तीन कागद कोरडे. दोन महिने ज्याच्यासाठी मी इतके अंदाज बांधले, ते डोळ्यांसमोर एवढंसं होतं.

तिसरा इंजेक्टर नवा घातला. ऑइल मात्र त्यांच्याकडे माझ्या गाडीचं नव्हतं म्हणून तेव्हा बदललं नाही, दुसऱ्या दिवशी पुण्यात बदलते.

अनिकेत_ओ
ताईंची गाडी आज परत बघितली, ऑइल बदलायच्या आधी. आयडलला ट्रिमची बेरीज वजा 11. काका, अजून काही गळतंय का?

फोरमनकाका
घाई नको. तो ऑइलचा वाटा आहे आणि थोडा कॅटचा. ऑइल आणि फिल्टर बदला, दीडशे-दोनशे किमी चालवा, मग बघा. याच टप्प्यावर लोक घाबरून चांगला इंजेक्टर परत काढतात.

आणि या दोनशे किमीत एकदा सलग तीस-चाळीस किमी तीन हजारांच्या वर चालवा. मिक्श्चर आता सुधारलंय. कॅटमध्ये नुसती काजळी असेल तर ती जळून जाईल आणि दाब उतरेल. वितळला असेल तर काही उपयोग नाही. टाकीत थिनर, लिंबूरस, बाटलीतलं औषध, असले प्रयोग मात्र करू नका, वितळलेली जाळी त्याने उघडत नाही.

पेट्रोलपुराण
काका, ट्रिमचा मुद्दा पटला. मी रिच म्हणालो ते चूक होतं. पण इथेनॉलने इंजेक्टरची सीलं खराब होतात, हे तर खरं ना? मग गळतीचं मूळ तेच असेल.

फोरमनकाका
रबराला त्रास होऊ शकतो, नाही म्हणत नाही. पण हा इंजेक्टर रबरातून नाही, टोकाच्या आतल्या झडपेतून गळत होता. तिथे कचरा अडकतो किंवा बैठक झिजते. सहा महिन्यांपूर्वी इंजेक्टर साफ केले होते, तेव्हा त्याची आतली बारीक जाळी बदलली नसेल तर सुटलेला कण बैठकीत गेला असेल. तसं झालं की नाही, हे इंजेक्टर कापल्याशिवाय कळणार नाही.

कृष्णाकाठ
ऑइल बदललं, 210 किमी झाले. ट्रिमची बेरीज आयडलला वजा 4. गरम गाडी आता चहानंतर एका झटक्यात सुरू होते, काळा धूर नाही. वास बराच कमी, पण घाटाच्या शेवटच्या वळणांना अजून येतो. ओढ फारशी सुधारली नाही. परत गेज लावला, 2500 वर 8 चे 6 झाले, त्याखाली उतरेना.

कॅट उतरवला. मिस्त्रींनी भोकातून बारीक कॅमेरा घातला. निम्मी जाळी नीट, मधाच्या पोळ्यासारखी. उरलेल्या निम्म्या भागात भोकंच नाहीत, काच ओतल्यासारखी चकाकी, आणि एक तुकडा सुटून आडवा पडलेला. कधीतरी खडखड आवाज यायचा तो हाच.

कंपनीचा घेणं जमलं नाही, 9,500 चा बाहेरचा बसवला. जुना परत मागून घेतला, मग कळलं की आतल्या पॅलेडियम-ऱ्होडियमसाठी भंगारवाले त्याला चांगले पैसे देतात. मी सरळ विचारून तो बिलातून वजा करून घेतला.

आता 2500 वर गेज जेमतेम 1. आयडलला MAP 33. खंबाटकी काल तिसऱ्यात चढले. वास अजिबात नाही. आईला बाजूला बसवलं होतं, तीही म्हणाली, "आज गाडी कण्हत नाही."

सातवी_खाडी
अभिनंदन ताई! बॅटरी नव्हती तर. पण काका, मला एक कळलं नाही. ताईंनी पहिल्याच दिवशी कॅट बदलला असता तर घाट तर चढलीच असती ना?

फोरमनकाका
चढली असती, आणि म्हणूनच फसगत होते. नव्या कॅटबरोबर ओढ परत येते, माणूस खूश होतो. तिसरा सिलिंडर मात्र गळतच राहतो, ऑइल पातळ होत राहतं, आणि नवी जाळी पहिल्या दिवसापासून तापू लागते.

हायवेवाला
काका, खरं सांगतो, माझ्या त्या जुन्या गाडीचं इंजिन वर्षभरात बसलं होतं. ऑइल वाढलेलं तेव्हा मिस्त्रीने सांगितलं होतं, मी म्हटलं चांगलंच आहे, कमी तर होत नाही. आता जोडून बघतोय.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी परत लिहितेय. गाडी उत्तम, ॲव्हरेज 16 च्या वर, वास नाही, ट्रिम वजा 2. पण अनिकेतने आज बघितलं तर P0420 प्रलंबित दिसतोय. दिवा लागलेला नाही. कॅट तर नवा आहे!

अनिकेत_ओ
मला वाटतं बाहेरच्या कॅटमध्ये मौल्यवान धातू कमी असतो, त्यामुळे ऑक्सिजन साठवायची ताकद कमी, आणि मागचा सेन्सर तक्रार करतो. पण मागचा सेन्सर इतके दिवस काजळीत होता, तोच बिघडला असेल हेही शक्य आहे.

फोरमनकाका
दोन्ही शक्य आहेत, आणि तिसरं म्हणजे नव्या जोडावरून हवा आत ओढली जाणं. आधी जोड बघा, थंड इंजिन सुरू करून जोडाभोवती साबणाचं पाणी लावा, फुगे आले तर गॅस्केट बदला. मग इंजिन गरम करून 2500 वर दोन्ही सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख घ्या. पुढचा 0.1 ते 0.9 मध्ये खालीवर होत राहील. मागचा 0.6-0.7 ला बऱ्यापैकी स्थिर असेल तर कॅट काम करतोय. तोही पुढच्याच्या तालावर नाचत असेल तर कॅट कमजोर आहे. तोवर काही विकत घेऊ नका.

कृष्णाकाठ
जोड आज तपासला, फुगे नाहीत. अनिकेत रविवारी येतोय, आलेख काढला की इथेच टाकते.